तेरीज जुळली, मग नफा गेला कुठे?

*प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण सहा वर्षांपासून भागीदारीत छोटा छापखाना चालवतो. यंदा विक्री ४० लाखांवरून ४६ लाखांवर गेली, पण नफा साडेपाच लाखांवरून थेट ८० हजारांवर आला. दुरुस्ती-देखभालीचा खर्च ७० हजारांचा साडेपाच लाख झालाय आणि कागद-शाईचा खर्च १८ लाखांवरून २३ लाख ९० हजारांवर गेलाय. आमचे अकाउंटंट नवीन आहेत, ते म्हणतात, ‘तेरीज जुळलीय, हिशेबात काही चूक नाही.’ मैत्रिणीचं मत पडलं की सुपरवायझर कागद बाहेर विकतो आणि दुरुस्तीवाल्याशी त्याचं साटंलोटं आहे, त्याला काढावं आणि दरही दहा टक्क्यांनी वाढवावेत. तो माणूस पहिल्या दिवसापासून आमच्याकडे आहे. मला काहीच सुचत नाही. नफा-तोटा पत्रक सोबत जोडलं आहे.*

तुमचं पत्रक मी दोनदा वाचलं. सुपरवायझरबद्दल इतक्यात काही बोलू नका, त्याच्याशीही नको आणि इतर कामगारांशीही नको. कारण या पत्रकातला ८० हजारांचा आकडाच मला पटलेला नाही.

अकाउंटंट खोटं बोलत नाहीत. तेरीज जुळलीच असणार. पण तेरीज ही सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी असते, आणि ती जुळते म्हणजे नावेची आणि जमेची बेरीज सारखी येते, एवढंच. खर्च चुकीच्या खात्यात पडला तरी ती जुळते, आणि एखादी नोंद मुळात झालीच नाही तरी जुळते. पत्रक तपासायचं असेल तर बेरजा सोडून खाती बघायला हवीत.

मी सुरुवात नेहमी एकाच गोष्टीने करते. गेलं वर्ष आणि हे वर्ष शेजारी-शेजारी मांडते आणि प्रत्येक खर्च विक्रीच्या किती टक्के आहे ते त्याच्यापुढे लिहिते. विक्री वाढली की कागद वाढणारच, त्यामुळे नुसती रक्कम बघून काही कळत नाही. तुमच्याकडे कागद-शाई गेल्या वर्षी ४५ टक्के होती, यंदा ५२ टक्के आहे. पगार २० टक्क्यांवरून १८.७ वर उतरलेत, वीज साडेचार टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणजे पगार आणि वीज यांची वागणूक समजण्यासारखी आहे. दुरुस्ती आणि कागद यांची नाही. भाड्याचं काहीतरी खटकतंय, त्याकडे नंतर येते. आणि एक ओळ अशी आहे जी तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीत, कारण ती तिथे नाहीच. घसारा, म्हणजे वापराने मशीनची दरवर्षी जेवढी किंमत झिजते ती रक्कम. गेल्या वर्षी ती १ लाख २० हजार होती, यंदा ती जागा कोरी आहे.

आधी दुरुस्ती. मी तुमच्याकडून त्या खात्याचा खतावणी उतारा मागवला होता, तो तुम्ही लगेच पाठवलात ते बरं झालं. पत्रकातली ओळ ही नुसती बेरीज असते, तिच्या पोटात काय आहे ते खतावणीतच दिसतं. उतारा हातात आला की तारखेप्रमाणे वाचत बसू नका, मोठ्या रकमेकडून छोट्या रकमेकडे लावून घ्या. तुमच्या उताऱ्यात एकूण ३१ नोंदी आहेत आणि त्यातल्या २९ नोंदींची मिळून बेरीज होते १ लाख. उरलेल्या साडेचार लाखांत फक्त दोन नोंदी आहेत : ‘मशीन, बिलाप्रमाणे’ ४ लाख २० हजार आणि त्याच आठवड्यात ‘वाहतूक व जोडणी’ ३० हजार. दोन्ही बिलं तुमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याची.

मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘अहो, ते तर आम्ही त्याच्याकडून जुनं कटिंग मशीन विकत घेतलं!’ म्हणजे साटंलोटं वगैरे काही नाही. बिल दुरुस्तीवाल्याच्या नावाचं होतं, नवीन अकाउंटंटनी आधीच्या नोंदींत त्याचं नाव ‘दुरुस्ती’ खात्याखाली बघितलं आणि हेही तिथेच टाकलं. बिल देणारा तोच, म्हणून खातं तेच, हा हिशेबनिसांचा फार जुना खोडसाळ शॉर्टकट आहे. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी एक अख्खा जनरेटर ‘डिझेल’ खात्यात घातला होता, कारण विकणारा डिझेलवालाच होता. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुरुस्ती कोणती आणि मालमत्ता कोणती, हे ठरवताना मी एक प्रश्न विचारते : या पैशाने असलेली वस्तू पूर्वीसारखी चालू झाली, की आपल्याकडे काहीतरी नवं आलं? पातं बदललं, रोलरला नवं रबर चढवलं, बेल्ट टाकला, ही दुरुस्ती. ती त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा होते. कटिंग मशीन पुढची कित्येक वर्षं काम देणार, तो भांडवली खर्च. त्याची जागा ताळेबंदात आहे, नफा-तोटा पत्रकात नाही. मशीन कारखान्यात आणून चालू करण्यासाठी जे ३० हजार गेले तेही मशीनच्याच किमतीत धरायचे, कारण ते न देता मशीन निरुपयोगी होतं. मधल्या पट्ट्यात वाद होतात, हे मान्य आहे. जुन्या मशीनला जास्त ताकदीची मोटर बसवली तर काय? तिने मशीनचं आयुष्य किंवा क्षमता वाढली असेल तर मी ती किमतीत धरेन, जळालेल्या मोटरच्या जागी तशीच दुसरी बसवली असेल तर दुरुस्तीत. आणि एखाद्या छोट्या ड्रिल मशीनसाठी एवढा काथ्याकूट करू नका. अमुक रकमेच्या आतलं सगळं खर्चात जाईल असं एकदा ठरवा, लिहून ठेवा आणि दरवर्षी तेच पाळा.

तर साडेचार लाख दुरुस्तीतून बाहेर काढायचे. खरी दुरुस्ती उरते १ लाख. मशिनं एका वर्षाने जुनी झालीत हे लक्षात घेता ७० हजारांचे १ लाख होणं मला जास्त वाटत नाही.

पण इथेच थांबलात तर पत्रक एका बाजूची चूक सोडून दुसऱ्या बाजूला झुकेल. मशीन खर्चातून काढलं आणि घसारा धरलाच नाही, तर जणू मशीन फुकट काम करतंय असा नफा दिसेल.

घसारा विसरला जातो याचं कारण अगदी साधं आहे. त्याचं बिल येत नाही. भाड्याची पावती येते, विजेचं बिल येतं, पगाराच्या दिवशी माणसं समोर उभी राहतात. घसाऱ्याची आठवण करून द्यायला कुणी येत नाही. ती वर्षअखेरीची एकच नोंद असते आणि ती करायची हे हिशेबनिसाच्या डोक्यात असावं लागतं. तुमचे जुने अकाउंटंट ती करायचे, नव्यांना कुणी सांगितलं नाही. ती राहिलीय हे ओळखण्याची आणखी एक खूण ताळेबंदात असते : छपाई मशीनची किंमत गेल्या वर्षअखेरीला जेवढी होती तेवढीच यंदाही असेल तर समजा की घसारा लागलेला नाही. तुमच्याकडे ती दोन्हीकडे ३ लाख ६० हजार आहे. आणि नवं मशीन घेऊनही घसाऱ्याचा आकडा गेल्या वर्षीएवढाच राहिला, तरी शंका घ्यावी. नवं मशीन नोंदवहीत चढलंच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

हिशेब करू. तुमचं छपाई मशीन ९ लाख ६० हजारांचं, आयुष्य आठ वर्षं धरलेलं, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. यंदा सहावं वर्ष, त्यामुळे तो घसारा लागतोच. आठ वर्षं आधीच उलटून गेली असती तर रिकामी जागा बरोबर ठरली असती, म्हणून आधी मालमत्ता नोंदवही बघायची आणि मग अकाउंटंटना बोलायचं. नवं कटिंग मशीन ४ लाख ५० हजारांना पडलं. ते तुम्ही आठ वर्षं वापराल आणि शेवटी भंगारात ५० हजार येतील असं तुम्ही म्हणता. म्हणजे झीज ४ लाखांची, वर्षाला ५० हजार. यंदा ते बरोबर सहा महिने चाललं, म्हणून २५ हजार. दोन्ही मिळून १ लाख ४५ हजार. जुनं घेतलेलं हे कटिंग मशीन खरंच आणखी आठ वर्षं टिकेल का, हे तुमच्या मेकॅनिकला विचारा. पाचच वर्षं टिकणार असेल तर वर्षाचा घसारा ८० हजार होईल. हा अंदाजच असतो, पण तो मशीन ओळखणाऱ्याचा असावा. (करासाठीचा घसारा वेगळ्या नियमांनी आणि वेगळ्या दरांनी मोजावा लागू शकतो. तो तुमच्या कर सल्लागाराचा प्रांत. इथे आपण धंदा कसा चालला ते बघतोय.)

आता कागद. मैत्रिणीचा संशय इथूनच सुरू झाला आणि खरं सांगायचं तर ४५ टक्क्यांचे ५२ झालेले बघून माझ्याही कपाळावर आठी पडली. छपाईच्या धंद्यात काम तेच, मशीन तेच असताना हे प्रमाण एका वर्षात सात टक्क्यांनी हलत नाही. हललं तर कारण असतं : कागद महागला, वाया जास्त गेला, कमी दरात कामं घेतली, कुणी नेला, किंवा मोजलाच नाही.

शेवटची शक्यता सगळ्यात आधी तपासायची, कारण ती पाच मिनिटांत तपासता येते. वापरलेला माल म्हणजे सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी वजा अखेरची शिल्लक. तुमच्या पत्रकात सुरुवातीची शिल्लक आहे १ लाख ५० हजार. अखेरची शिल्लकही १ लाख ५० हजार. शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. दोन वर्षअखेरींना गोदामात नेमका एकाच किमतीचा कागद असणं जवळजवळ अशक्य आहे. गेल्या वर्षीचा आकडा कुणीतरी पुढे ओढलाय, गोदामात कुणी पाऊल टाकलेलं नाही.

वर्ष संपून सहा आठवडे झालेत, आता तेव्हाचा कागद कसा मोजणार, हा तुमचा प्रश्न रास्त होता. उलटं मोजत जायचं. तुम्ही दोघींनी परवा गोदाम मोजलंत, ३ लाख ३५ हजारांचा माल निघाला. वर्ष संपल्यापासून कामांच्या नोंदीप्रमाणे ३ लाख ६५ हजारांचा कागद-शाई वापरली गेली, ती परत मिळवायची : ७ लाख. त्याच काळात २ लाख ९० हजारांची नवी खरेदी झाली, ती वजा करायची. उरतात ४ लाख १० हजार. ही तुमची वर्षअखेरीची शिल्लक. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात भाव वाढणार म्हणून तुम्ही कागद भरून ठेवला होता, त्याच्याशीही हा आकडा जुळतो. मात्र एक सावधगिरी. यात वापराचा आकडा कामांच्या नोंदीवर बेतलेला आहे, आणि याच काळात कागद गायब होत असेल तर तो या पद्धतीत लपतो. म्हणून शेवटच्या आठवड्यातली खरेदीची बिलं आणि माल आल्याच्या चिठ्ठ्याही ताडून बघा.

शिल्लक २ लाख ६० हजारांनी वाढली म्हणजे वापर तेवढाच घटला : २३ लाख ९० हजारांऐवजी २१ लाख ३० हजार. विक्रीच्या ४६.३ टक्के. सात टक्क्यांची उडी सव्वा टक्क्यावर आली. आणि ही चूक आत्ता सुधारली नाहीत तर पुढच्या वर्षी ती उलटी वागेल. सुरुवातीची शिल्लक कमी धरल्यामुळे तेव्हा नफा २ लाख ६० हजारांनी फुगलेला दिसेल आणि तुम्ही दोघी उगाच खूश व्हाल.

भाडं लहान आहे पण मजेशीर आहे. ३ लाख ६० हजारांचे ३ लाख ९० हजार झालेत. घरमालकाने भाडं वाढवलं का, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात नाही, महिना ३० हजारच. मग ३ लाख ९० हजार म्हणजे तेरा महिने. शेवटच्या महिन्यात पुढच्या महिन्याचं भाडं आगाऊ दिलं गेलं आणि याच वर्षात पडलं. ठरलेल्या रकमेचे खर्च, म्हणजे भाडं, इंटरनेट, विमा, नेहमी महिन्याच्या रकमेने भागून बघावेत. बारा येत नसेल तर एक महिना घुसलाय किंवा एक राहिलाय. हे ३० हजार ‘आगाऊ दिलेलं भाडं’ म्हणून पुढच्या वर्षात न्यायचे.

आता सगळं जागच्या जागी ठेवू. ८० हजारांत मशीनचे साडेचार लाख मिळवले, शिल्लक मालाचे २ लाख ६० हजार मिळवले, भाड्याचे ३० हजार मिळवले आणि घसाऱ्याचे १ लाख ४५ हजार वजा केले. नफा येतो ६ लाख ७५ हजार. गेल्या वर्षीच्या साडेपाच लाखांपेक्षा सव्वा लाखाने जास्त.

तुम्ही लगेच विचाराल, मग बँकेत पैसे का नाहीत? उत्तर याच आकड्यांत आहे. मशीन, गोदामातला कागद आणि आगाऊ भाडं यांत मिळून ७ लाख ४० हजार गेले. घसारा रोख जात नाही, म्हणून तो नफ्यात परत मिळवला तर हातात यायला हवे होते ८ लाख २० हजार. त्यातून ७ लाख ४० हजार वजा जाता उरले ८० हजार. येणी-देणी आणि तुमच्या दोघींच्या उचली बाजूला ठेवल्या, तर पत्रकात ‘नफा’ म्हणून जो आकडा छापलाय तो खरं तर उरलेल्या रोकडीचा आहे. अकाउंटंटनी नकळत रोजमेळच नफा-तोटा पत्रकाच्या साच्यात उतरवला. यावरून हेही ठरतं की नफा पावणेसात लाख निघाला म्हणून तेवढी उचल करायला जाऊ नका. तो पैसा कटिंग मशीन आणि कागदाच्या रूपात उभा आहे.

अकाउंटंटशी बोलताना ‘तुम्ही चुकलात’ असं सुरू करू नका. चुका सुधारणाऱ्या चार नोंदी करायला सांगा आणि प्रत्येकीखाली कारण एका ओळीत लिहायला सांगा. जुन्या नोंदी खोडायच्या नाहीत. हे पत्रक बँकेला किंवा कर खात्याला आधीच गेलं असेल तर गुपचूप दुसरं बनवू नका, सल्लागाराला विचारून रीतसर दुरुस्ती करा. शिवाय खर्चाची महिनावार पत्रकं मागायची सवय लावा. साडेचार लाखांची उडी बारा रकान्यांत कोणत्या महिन्यात पडली ते डोळ्यांना आपोआप दिसतं, वर्षाच्या एका रकान्यात ती विरघळून जाते.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी एक आठवण : कर्ज असेल तर हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. आणि घरचा खर्च धंद्याच्या खात्यातून गेला असेल तर तो उचल, मग तो ‘किरकोळ’मध्ये कितीही बेमालूम मिसळलेला असो. ‘किरकोळ’ हे खातं मी नेहमी शेवटपर्यंत वाचते, तिथे किरकोळ फार थोडं असतं.

दरवाढीचं म्हणाल तर ती करू नका असं मी म्हणत नाही. पण ५२ टक्के कागद हे तिचं कारण होतं आणि ते कारण आता उरलेलं नाही. खरी वाढ सव्वा टक्क्याची, म्हणजे साधारण ६० हजारांची. तिच्यासाठी सगळ्या गिऱ्हाइकांना सरसकट दहा टक्के लावणं मला तरी धाडस वाटतं. आधी एकाच जाडीच्या, एकाच आकाराच्या कागदाची दोन बिलं काढा, एक गेल्या वर्षीचं आणि एक यंदाचं. रीमचा भाव वाढलेला असेल तर ६० हजारांचं उत्तर तिथेच मिळेल आणि दरवाढ किती हवी तेही कळेल.

भाव वाढलेला नसेल तर मात्र ते ६० हजार वाया गेलेत किंवा बाहेर गेलेत. हिशेबाच्या चुका सापडल्या म्हणून सुपरवायझर निर्दोष ठरला, असंही मी म्हणणार नाही. साडेचार लाखांचा आरोप खोटा ठरला, एवढंच. बाकीचं कामाच्या चिठ्ठीवर तपासता येतं. समजा २० हजार पत्रकांचं काम, एका तावात चार पत्रकं बसतात, म्हणजे ५ हजार ताव. ५०० तावांची एक रीम, तेव्हा १० रीम. मशीन लावताना जाणाऱ्या तावांसाठी तुम्ही पाच टक्के धरत असाल तर साडेदहा. गोदामातून किती रीम दिल्या ते बघा. अशी पाच-सहा कामं निवडा, काही एका बाजूची, काही दोन्ही बाजूंची, कारण दोन्ही बाजूंच्या छपाईत वाया जास्त जातं. दर वेळी साडेदहाच्या जागी बारा-तेरा रीम निघत असतील तर आधी मशीन कोण लावतं आणि किती ताव खराब होतात ते त्याच्या शेजारी उभं राहून बघा. आणि ही मोजणी मैत्रिणीला सोबत घेऊन करा, तिच्या हाताने चिठ्ठ्या काढू द्या.